तिमाही टार्गेट हुकलं, टीमला काय लिहावं? (साबण-तेल लाइन, जुलै ते सप्टेंबर)

सीनाकाठ | ३ ऑक्टोबर २०२५

साबण, शाम्पू, टूथपेस्ट, केसांचं तेल अशी लाइन आहे. सोलापूर-धाराशिव एरिया माझ्याकडे. सहा सेल्स ऑफिसर, २३ डिस्ट्रिब्युटर आणि त्यांचे मिळून २८ सेल्समन. जुलै-सप्टेंबरचं प्रायमरी, म्हणजे कंपनीकडून डिस्ट्रिब्युटरला जाणाऱ्या मालाचं, टार्गेट ४ कोटी २० लाख होतं, झालं ३ कोटी ५७ लाख. म्हणजे ८५ टक्के. सोमवारी सकाळी, ६ तारखेला, टीमच्या ग्रुपवर मेसेज टाकायचा आहे. कच्चा मसुदा असा:

> मित्रांनो, ही तिमाही अवघड गेली. जीएसटीतील बदल, पूरस्थिती आणि बाजारातील मंदी यामुळे आपण ८५ टक्क्यांवर राहिलो. आता सर्वांनी जोमाने काम करून ऑक्टोबरमध्ये तूट भरून काढायची आहे. दिवाळी आपलीच!

मलाच तो पोकळ वाटतोय. काय बदलू?

---

टपरीवरचा

'दिवाळी आपलीच'वर अठ्ठावीस अंगठे येतील आणि माणसं पुढच्या दुकानात जातील. दुसरं काही होणार नाही.

---

बिनधास्त_बंड्या

ताई, इतका विचार कशाला? जीएसटीच कारण आहे, तेवढंच ठळक लिहा. साबण, शाम्पू, टूथपेस्ट, तेल सगळं १८ वरून ५ टक्क्यांवर आलं. शंभराच्या मालाचं बिल आधी ११८ व्हायचं, आता १०५. बिलाची रक्कमच अकरा टक्क्यांनी घटली, मग टार्गेट कसं होणार? यात टीमचा काही दोष नाही, असं सरळ सांगून टाका.

---

आकडेमोड

बंड्या, अर्धं बरोबर आहे. नवा दर लागू झाला २२ सप्टेंबरला, तिमाहीचे जेमतेम नऊ दिवस उरले असताना. आणि कंपन्यांची टार्गेटं बहुतेक कर वगळून असतात, तिथे ११८ चे १०५ झाल्याने काहीच फरक पडत नाही. जीएसटीचा फटका बसला तो वेगळ्या वाटेने. १५ ऑगस्टला लाल किल्ल्यावरून दिवाळीपर्यंत दर कमी होणार म्हटल्यावर व्यापाऱ्याने हात आखडला, आणि ३ सप्टेंबरच्या कौन्सिल बैठकीनंतर तर जवळपास बंदच केला.

सीनाकाठ, तुमच्या मसुद्यातली तिन्ही कारणं खरी असतील, पण कुठल्या कारणाचे किती लाख हे त्यात नाही. ते नसलं की पुढची कामंही ठरत नाहीत. तीन आकडे महिन्यावार द्या: प्रायमरी, सेकंडरी म्हणजे डिस्ट्रिब्युटरकडून दुकानांत गेलेला माल, आणि डिस्ट्रिब्युटरकडचा महिनाअखेरचा स्टॉक. तिन्ही एकाच भावाने, म्हणजे डिस्ट्रिब्युटरच्या खरेदी दराने आणि कर वगळून. सेकंडरी दुकानदाराच्या दराने धरली तर डिस्ट्रिब्युटरचं मार्जिन त्यात घुसतं आणि हिशेब कधीच जुळत नाही.

---

सीनाकाठ

टार्गेट आणि प्रायमरी दोन्ही कर वगळूनच आहेत. खरेदी दराने काढलं (लाखांत):

जुलै: टार्गेट १३५, प्रायमरी १२०, सेकंडरी १२२
ऑगस्ट: टार्गेट १४०, प्रायमरी ११८, सेकंडरी १३०
सप्टेंबर: टार्गेट १४५, प्रायमरी ११९, सेकंडरी १३७

डिस्ट्रिब्युटरांकडचा स्टॉक १ जुलैला ११० होता. जुलैअखेर १०८, ऑगस्टअखेर ९६, आणि ३० सप्टेंबरला ७८.

---

आकडेमोड

आता बघा. एकूण तूट ६३ लाखांची. त्यातले ३२ लाख म्हणजे स्टॉक ११० वरून ७८ वर आला तो. हा माल बाजारात विकला गेला, फक्त डिस्ट्रिब्युटरने त्याच्या जागी नवा उचलला नाही. या ३२ पैकी ३० लाख ऑगस्ट-सप्टेंबरमधले आहेत, म्हणजे तारखाही जीएसटीच्या बातम्यांशी जुळतात. उरलेले ३१ लाख मात्र सेकंडरीचे आहेत, म्हणजे दुकानात माल गेलाच नाही. आणि ही सेकंडरीची तूट कुठल्या महिन्यात सर्वात मोठी? जुलैमध्ये, १३ लाख. ऑगस्टमध्ये १०, सप्टेंबरमध्ये ८. जुलैमध्ये जीएसटीचं कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं आणि पूरही नव्हता. तुमच्या मसुद्यातली ही दोन्ही कारणं जुलैला लागू पडत नाहीत.

तुमच्या सेल्स ऑफिसरांना हे बरोबर माहीत असतं. मेसेजमध्ये सगळं जीएसटीवर ढकललेलं दिसलं की ते मनात म्हणतात, चला, यावेळी सुटलो. जुलैमध्ये काय झालं ते शोधा.

---

निळकांती

आमच्या पतसंस्थेतही हेच. सप्टेंबरअखेर ठेवींचं उद्दिष्ट हुकलं. मी वरिष्ठांना खुलासा पाठवताना शाखानिहाय तक्ता आणि मागच्या वर्षाची तुलना जोडते. तुम्हीही मागच्या वर्षीच्या तिमाहीशी तुलना दिलीत तर खुलासा भक्कम होईल. व्याजदराचा मुद्दाही शेवटी घालता येईल.

---

कुशावर्त

निळकांती, खुलासा वर जातो, हा मेसेज खाली जाणार आहे. वरच्यांना 'असं का झालं' हे हवं असतं, बाजारात फिरणाऱ्याला 'मग मी मंगळवारपासून वेगळं काय करू' हे हवं असतं. मागच्या वर्षाची तुलना सेल्समनच्या काय कामाची?

---

निळकांती

हो, मी तो वरिष्ठांना पाठवायचा आहे असं समजले. पण आमच्याकडे ठेव गोळा करणाऱ्या प्रतिनिधींनाही कारणं सांगावीच लागतात, तेव्हा वाचते आहे.

---

सीनाकाठ

जुलैचं सापडलं. दोन गोष्टी आहेत.

पहिली, दहा रुपयांची साबणवडी. १ जुलैपासून बारावर एक फुकट अशी स्कीम होती, पण डेपोचं इंडेंट, म्हणजे मालाची मागणी, मागच्या जुलैच्या खपावर गेली, स्कीमची वाढ त्यात धरलीच नव्हती. ११ जुलैला डेपोत माल संपला, तो ४ ऑगस्टला आला. स्कीम जाहीर आणि माल नाही. याचे साधारण ९ लाख, त्यातले ७ जुलैमधले.

दुसरी, रिकाम्या बीट, म्हणजे सेल्समनच नसलेले दुकानांचे पट्टे. बार्शीचा एक सेल्समन जूनअखेर सोडून गेला, जागा अजून रिकामी आहे. उमरग्याची जागा मध्य जुलै ते मध्य सप्टेंबर रिकामी होती. दोन्ही मिळून पाच महिने, आणि एका बीटचा धंदा महिन्याला सरासरी साडेतीन लाखांचा. काही दुकानदारांनी घाऊकवाल्याकडून माल नेला, तो वजा करता ११ लाख गेले.

पूर आला २२ सप्टेंबरच्या सुमारास, सीना नदीकाठच्या माढा-मोहोळ पट्ट्यात. चार डिस्ट्रिब्युटरांचं शेवटच्या आठवड्याचं बिलिंग थांबलं, ५ लाख. ९, ११ आणि ५ मिळून २५ होतात. सेकंडरीच्या ३१ पैकी ६ लाखांचा मेळ लागत नाही.

---

आकडेमोड

लागू देऊ नका. 'सहा लाखांचं कारण अजून सापडलेलं नाही' असंच लिहा. काही भाग दुकानदारानेही जीएसटीपायी खरेदी लांबवली त्याचा असेल, पण दुकानातला स्टॉक कुणी मोजत नाही, त्यामुळे तो आकडा निघणार नाही. तिथे 'बाजारातील मंदी' हे शब्द चिकटवले की बाकीच्या चांगल्या आकड्यांवरचाही विश्वास उडतो.

---

घाऊकवाला

डिस्ट्रिब्युटरच्या बाजूने बोलतो. ३२ लाख सगळे जीएसटीच्या खात्यावर टाकू नका. १८ टक्क्यांनी घेतलेला माल २२ तारखेनंतर ५ टक्क्यांनी विकायचा. जास्तीचं १३ टक्के क्रेडिट बुडत नाही, लेजरला राहतं, हे खरं. पण नव्या खरेदीवर ५ टक्के क्रेडिट मिळतं आणि विक्रीवर ५ टक्के कर लागतो, म्हणजे भरायचा कर उरतो तो फक्त मार्जिनवरचा. त्यात जुनं क्रेडिट थेंबाथेंबाने संपतं. दहा लाखांच्या मालावर एक लाख तीस हजार अडकून पडले. म्हणून माणूस स्टॉक उतरवतो, हे जीएसटीचं झालं.

पण त्यावर कंपनीचे स्कीमचे आणि डॅमेजचे क्लेम दोन-तीन महिने लटकलेले असतील, तर तो दर कमी झाल्यावरही माल उचलणार नाही, कारण त्याच्याकडे रोकड नाही. एक चाळणी लावा. ज्यांचे क्लेम साठ दिवसांच्या वर अडकलेत त्यांचा स्टॉक किती टक्क्यांनी उतरला आणि बाकीच्यांचा किती, एवढं बघा.

---

सीनाकाठ

बघितलं, आणि बरं झालं बघितलं. २३ पैकी ७ जणांचे क्लेम साठ दिवसांवर आहेत. त्यांचा स्टॉक ३८ वरून २१ वर आला, म्हणजे पंचेचाळीस टक्के उतरला. उरलेल्या सोळा जणांचा ७२ वरून ५७ वर, एकवीस टक्के.

---

घाऊकवाला

मग झालं. या सातजणांकडे तुमचे सेल्स ऑफिसर ऑर्डर मागायला गेले की पहिला चहा येईल आणि मग क्लेमची फाइल येईल.

---

बिनधास्त_बंड्या

म्हणजे ऑक्टोबरमध्ये सगळे स्टॉक भरतील तेव्हा ३२ लाख आपोआप परत येतीलच की. टीमला सांगा, निम्मी तूट तर आलीच समजा.

---

आकडेमोड

नेमकी हीच ओळ मेसेजमध्ये नको. १ जुलैचा ११० लाखांचा स्टॉक जुलैच्या विक्रीच्या २७ दिवसांइतका होता, जूनअखेर टार्गेटसाठी कोंबलेला असणार. आजचे ७८ म्हणजे सतरा दिवस. सीनाकाठ, तुमचं नॉर्म किती?

---

सीनाकाठ

एकवीस दिवस. हेड ऑफिस म्हणतंय ६३ च्या ६३ ऑक्टोबरच्या टार्गेटमध्ये मिळवा.

---

आकडेमोड

ऑक्टोबरची सेकंडरी १४० लाख धरली तर एकवीस दिवसांचा स्टॉक होतो साधारण ९८ लाख. म्हणजे भरणा फक्त २० लाखांचा. वरचे १२ लाख यायलाच नकोत, आले तर तो जानेवारीत एक्स्पायरीचा आणि डॅमेजचा क्लेम होऊन परत येईल. आणि सेकंडरीचे ३१ लाख तर गेलेच. जुलैमध्ये ज्याला तुमचा साबण मिळाला नाही त्याने दुसऱ्याच्या साबणाने आंघोळ उरकली, तो ऑक्टोबरमध्ये दोनदा आंघोळ करणार नाही. ६३ मिळवलेलं टार्गेट टीमला दिलंत तर ते एकाच मार्गाने पूर्ण होईल, डिस्ट्रिब्युटरच्या गोदामात माल ढकलून.

आणखी एक. लक्ष्मीपूजन २१ तारखेला आहे. दुकानदाराची दिवाळीची खरेदी १६-१७ पर्यंत उरकते, पुढे आठ-नऊ दिवस बाजार थंड. ऑक्टोबरचे कामाचे दिवस मोजूनच तारखा टाका. 'महिनाअखेर' लिहिलंत तर खरे हातात दहाच दिवस आहेत हे कुणाच्या लक्षात येणार नाही.

आणि ऑक्टोबरचा पहिला पंधरवडा फसवा असणार आहे. दुकानंही रिकामी झाली आहेत, तीही भरतील. हा भरणा आणि खरा खप वेगळा ओळखायचा तर रकमेकडे बघू नका, बिल झालेल्या दुकानांची संख्या आणि एका बिलातल्या लाइन, म्हणजे किती वेगवेगळे माल गेले, ते बघा. रक्कम वाढली पण दुकानं तेवढीच आणि लाइन तेवढ्याच, तर तो नुसता भरणा. रिकाम्या बीटवर दुकानं परत आली तर ती तुमची कमाई.

---

कुशावर्त

मसुदा नव्याने लिहिताना तीन गोष्टी बघा. इन्सेंटिव्हबद्दल ओळ असू द्या आणि ती वरच असू द्या. टार्गेट हुकलं की टीमच्या डोक्यात पहिला प्रश्न तोच असतो. उत्तर मिळेपर्यंत कारणं कुणी वाचत नाही. दुसरं, 'सर्वांनी' हा शब्द कामाच्या ओळीत नको. प्रत्येक कामापुढे एक माणूस आणि एक तारीख. तिसरं, पुराचे ५ लाख आकड्यात बसले, पण ज्या मुलांच्या घरात पाणी शिरलं ते हा मेसेज वाचणार आहेत. त्यांच्यासाठी वेगळी ओळ लिहा, कारणांच्या यादीत त्यांना गुंडाळू नका.

---

सीनाकाठ | ५ ऑक्टोबर

इन्सेंटिव्ह प्रायमरीवर आहे आणि ९० टक्क्यांखाली शून्य. सेकंडरी धरली तर आपण ९२ च्या वर आहोत, म्हणून हेड ऑफिसला प्रस्ताव दिलाय, उत्तर नाही. ६३ चा वादही चालू आहे. दुसरा मसुदा:

> नमस्कार. जुलै-सप्टेंबरमध्ये टार्गेट ४ कोटी २० लाख होतं, आपण ३ कोटी ५७ लाख केलं. ६३ लाख कमी पडले.
>
> आधी इन्सेंटिव्ह. नियमाप्रमाणे ९० टक्क्यांखाली मिळत नाही आणि आपण ८५ वर आहोत. सेकंडरी धरून विचार व्हावा असा प्रस्ताव मी हेड ऑफिसला दिला आहे. होईलच असं धरून चालू नका. १५ तारखेपर्यंत जे उत्तर येईल ते, किंवा आलं नाही हे, इथेच कळवेन.
>
> पूरग्रस्त भागातल्या आपल्या माणसांनी १२ तारखेपर्यंत बीटवर येऊ नये. त्यांच्या हजेरीचं डिस्ट्रिब्युटरांशी बोलणं झालं आहे.
>
> ६३ पैकी ३२ लाख डिस्ट्रिब्युटरांनी स्टॉक उतरवल्याने गेले. मोठं कारण जीएसटी, पण ज्या सातजणांचे क्लेम साठ दिवसांवर अडकले आहेत त्यांनी इतरांच्या दुपटीहून जास्त स्टॉक उतरवला. बाकी ३१ लाखांचा माल दुकानात पोचलाच नाही. बार्शी आणि उमरग्याच्या रिकाम्या बीट ११ लाख, दहाच्या साबणवडीचा तुटवडा ९ लाख, पूर ५ लाख. ६ लाखांचं कारण सापडलेलं नाही. तुम्हाला काही दिसत असेल तर मला फोन करा.
>
> आता कामं. सात डिस्ट्रिब्युटरांच्या क्लेमचे कागद संबंधित सेल्स ऑफिसरने ८ तारखेपर्यंत माझ्याकडे द्यायचे, अकाउंट्सकडून निकाली काढणं माझ्याकडे. त्या सातजणांकडे तोवर नव्या ऑर्डरचा आग्रह नको. बार्शीची बीट १४ तारखेपर्यंत भरायची जबाबदारी बार्शीच्या सेल्स ऑफिसरची. तोवर त्या बीटची मोठी ४० दुकानं शेजारच्या दोन सेल्समननी दर गुरुवारी वाटून घ्यायची. स्कीम असलेल्या मालाचं इंडेंट यापुढे स्कीमची वाढ धरून जाईल, ते मी २० तारखेपूर्वी ग्रुपवर टाकेन, ज्याला कमी वाटेल त्याने दोन दिवसांत सांगावं.
>
> स्टॉक एकवीस दिवसांपर्यंतच भरायचा, म्हणजे सगळे मिळून सुमारे २० लाख. त्यावर कुणाला माल घालू नका. दर शनिवारी मी रकमेऐवजी दोनच आकडे विचारेन: किती दुकानांत बिल झालं, आणि एका बिलात सरासरी किती लाइन.

---

टपरीवरचा

हा मात्र वाचतील. लांब आहे, पण इन्सेंटिव्ह वर असल्याने शेवटपर्यंत जातील.

---

घाऊकवाला

'नव्या ऑर्डरचा आग्रह नको' हे चांगलं, पण सातजणांपैकी एखादा स्वतःहून मागत असेल तर? दिवाळीच्या तोंडावर त्याला रिकामा ठेवू नका. 'आग्रह नको, मागितलं तर एकवीस दिवसांच्या आत द्या' असं करा. आणि ग्रुपमध्ये डिस्ट्रिब्युटरांचे सेल्समन आहेत ना? मग क्लेमची ही ओळ संध्याकाळपर्यंत मालकांच्या कानावर जाणार. सातच्या सात फोन तुम्हाला येतील, तयारीत राहा.

---

आकडेमोड

बार्शी-उमरग्याचं नाव घेतलंत ते मला पटतं. जागा रिकामी होती, तिथे माणूस कामचुकार नव्हता. एरियानिहाय टक्केवारी टाकली नाहीत हेही बरं.

---

कुशावर्त

मला नाव घेणंही खटकतं. बार्शीचा सेल्स ऑफिसर ग्रुपमध्ये आहे, तीन महिने जागा भरली नाही हे सगळ्यांसमोर येतंय. सोमवारी सकाळी मेसेज जाण्याआधी त्याला एक फोन करा आणि ११ लाखांचा आकडा तोंडी सांगा. पहिल्यांदा ग्रुपवर वाचायला लागला तर तो १४ तारखेपर्यंत माणूस शोधणार नाही, स्वतःची बाजू शोधेल.

---

आकडेमोड

फोन करा, हरकत नाही. पण तरी नाव ठेवाच. 'काही बीट रिकाम्या होत्या' लिहिलं तर सहाही जणांना वाटतं आपल्याबद्दल नाही.

---

निळकांती

एक विचारू का? न सापडलेल्या सहा लाखांबद्दल टीमलाच विचारलंय, पण आमच्याकडे असं विचारलं की प्रत्येक जण दुसऱ्याच्या शाखेचं कारण सांगतो. त्यावर काय करता?

---

सीनाकाठ

म्हणूनच ग्रुपवर न लिहिता फोन करा म्हटलंय. चालतं का ते बघू.

घाऊकवाला, तुमचं वाक्य घेतलं. बार्शीला आज संध्याकाळी फोन करते. ६३ लाखांचं हेड ऑफिसशी अजून ठरलेलं नाही. ऑक्टोबरसाठी मी २० लाख भरण्याचे वेगळे दाखवून, बाकी टार्गेट मूळचंच ठेवावं असा कागद दिला आहे. ते सोमवारच्या आत मानले नाहीत तर मेसेजमध्ये ऑक्टोबरचं टार्गेट न लिहिता तो पाठवावा का?

---

आकडेमोड

पाठवा. 'ऑक्टोबरचं टार्गेट बुधवारी कळवते' एवढी ओळ जोडा. पण बुधवारी नक्की कळवा, आणि तोवर सेल्स ऑफिसरांना तोंडी कुठलाही आकडा देऊ नका, नाहीतर प्रत्येकाकडे वेगळा आकडा फिरेल.

---

बिनधास्त_बंड्या

बुधवारी ६३ सकटच टार्गेट आलं तर?

---

घाऊकवाला

तर एकवीस दिवसांची ओळ आणि ते टार्गेट एका ग्रुपमध्ये नांदणार नाहीत. दोन्हीतलं कुठलं पाळायचं हे सीनाकाठला तेव्हा स्पष्ट सांगावं लागेल.